चावडीवरचा ठिपक्यांचा किडा

मी शेतावर पोचले तेव्हा अर्धं खाचर उघडं झालं होतं. थोरले दीर आणि त्यांचा गडी माझा पावटा मुळासकट उपटत होते. फुलावर आलेले वेल बांधाला रचलेले, शेजारी पेंढा. पेटवायचंच बाकी होतं.

हे काय, म्हणून विचारलं. दीर मान वर न करता म्हणाले, "चावडीवर फोटू लावलाय, त्योच किडा हाय. उद्या माझ्या वांग्यात शिरंल."

आमच्या भावकीत रीत होती. कीड दिसली की थोरल्याने ते पीक उपटून जाळायचं, ज्याचं शेत त्याला विचारायचं नाही. सुरुवात बहुतेक वेळा विधवेच्या शेतापासून व्हायची, ते कुणी बोलत नसे.

लढाईचे दिवस होते. दुकानात धान्य मिळेना. माझा नवरा खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर असताना तापाने गेला होता. मूल नव्हतं, चूल वेगळी होती. माझ्या वाट्याचा भात उन्हाळ्यात संपायचा. मग पावसाळाभर वाळवलेला पावटा, एवढंच पोटाला. तो जळाला तर मला उपाशी बसायचं होतं.

मी दिरांना म्हटलं, फोटो बघून येते, तोवर हात लावू नका. ते हसले, कारण आमच्या वडिवळ्यात बायका चावडीची पायरी चढत नसत. पण गड्याला त्यांनी थांबवलं. मी वेलावरचे दोन किडे पदराच्या टोकात बांधले. जाताना त्यांच्या वांग्यातून गेले. तिथं पानांची चाळण झाली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या. तिथलाही एक किडा घेतला.

चावडीत चारपाच पुरुष बसले होते. त्यातले एक म्हातारे आबा म्हणाले, "पोरी, फोटू बगाय आलीस, का काडून घ्याया?" मी पदर सारखा करून वर चढले.

शेतकी खात्याच्या माणसाने लावलेला तो फोटो ताटाएवढा होता. हरभऱ्याएवढा किडा त्यात कासवासारखा दिसत होता. फोटो काळापांढरा, त्यामुळे रंग कळायचा नाही. गोल पाठ आणि ठिपके, एवढं बघून सगळ्यांनी ओळख पटवली होती. मी चौथीपर्यंत शिकलेली. खालची ओळ वाचली. वांग्याची पानं खाणारा भुंगा, असं लिहिलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर त्याच्या पाठीवर बारीक लव होती, चमक नव्हती. ठिपके दोन डझनांच्या वर. कोपऱ्यात त्याची अळी होती, फिकी, अंगभर काट्यांची.

तोवर दीर मागून आले होते. मी दोन्हीकडचे किडे फोटोच्या चौकटीवर ठेवले. वांग्यातला मळकट, लव असलेला, ठिपक्यांनी भरलेला. पावट्यावरचे लाल, तेल लावल्यासारखे चकचकीत, ठिपके सातच. शेतात पावट्यावर मी अळ्याही बघितल्या होत्या, पण त्या काळपट, लांबट, नारिंगी डागांच्या. फोटोतल्यासारखी एकही नव्हती.

मी म्हटलं, "दादा, फोटूतला किडा तुमच्या वांग्यात हाय. माज्या पावट्यात न्हाई."

दीर म्हणाले, "मग तुजा काय खातो? हवा? तुजं शेंडे वाकडं झाल्यात, ते कशानं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. आबा म्हणाले, किडे कोंडून बघ, काय खातात ते लपत नाही.

माझे किडे परत पदरात बांधून घरी आले. कंदिलाची काच पाटावर उभी केली. आत वांग्याचं एक चांगलं पान आणि काळ्या माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी, भरलेला पावट्याचा एक शेंडा ठेवला, माझे दोन्ही किडे सोडले आणि वरचं तोंड फडक्याने बांधलं. मग समोर बसून राहिले. घरात माझ्याशिवाय हलणारं तेवढंच होतं. नवरा गेल्यापासून कुणाकडे इतका वेळ बघत बसले नव्हते. ते शेंड्यावर चढले आणि मावा धरून धरून खाऊ लागले. सकाळी वांग्याचं पान होतं तसं होतं. शेंड्यावरचा मावा बराच कमी झाला होता. शेंडे वाकडे करणारा मावा होता आणि माझे किडे त्यालाच खायला आले होते.

काच तशीच उचलून दिरांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. त्यांनी वाकून बघितलं. चुकलं असं म्हणाले नाहीत. "ने ती तुजी काच," म्हणाले. त्याच दिवशी ते आणि गडी रॉकेल घातलेल्या पाण्याचं भांडं घेऊन वांग्यातले किडे वेचताना दिसले. मी मदतीला गेले नाही. मला कुणी बोलावलंही नाही.

उपटलेले वेल बांधावर सुकून गेले. ते परत लावता येत नाहीत. उरलेल्या अर्ध्या खाचरातले किडे मी तसेच राहू दिले. मावा हटला, शेंगा धरल्या. त्या वाळवून दाणे काढले, राख चोळून मडक्यात भरले.

पावसाळ्यात दोन वेळचं जेवण एक वेळ केलं. त्या अर्ध्या खाचराच्या पावट्यावर त्या घरात एक माणूस जगलं. ती मी.