दहा हजार फुटांची अट

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मी कोलोरॅडोत पीएचडी करत होते. हवेतले धूलिकण मोजायला डोंगरावरच्या केंद्रात महिनाभर राहायचं होतं. त्यासाठी लॅपटॉप हवा होता, आणि माझ्या गाइडनी निवड माझ्यावर सोडली.

रूममेटला घेऊन मी दुकानात गेले. ती नागपूरची, कॉम्प्युटर इंजिनिअर. एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप शेजारी होते. एकात नेहमीची हार्ड डिस्क, दुसऱ्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह. दुसऱ्यात जागा निम्म्याहून कमी आणि किंमत जवळपास दुप्पट. सेल्समन म्हणाला, याच्या आत काही फिरत नाही, म्हणून हा फास्ट आहे आणि पडला तरी टिकेल.

रूममेट म्हणाली, "पण लिहून लिहून झिजतो हा. माहिती साठवणारा आतला प्रत्येक सेल ठरावीक वेळाच पुसता येतो."

"काही फिरतच नाही, तर झिजतं काय?"

तिनं समजावलं. मला निम्मंच कळलं. मी हार्ड डिस्कवाला घेतला.

घरी माहितीपत्रक चाळताना एक ओळ दिसली: हार्ड डिस्कवाला दहा हजार फुटांपर्यंतच वापरावा. आमचं केंद्र बारा हजारांच्या वर होतं.

"उंचीशी काय संबंध?" मी विचारलं.

रूममेटनं पत्रक दोनदा वाचलं. "हार्ड डिस्कमधली तबकडी फिरते ना, तिच्यावर वाचणारं-लिहिणारं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की ते खाली येतं, तबकडीला घासू शकतं. यार, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत करून मी महागडा आणला.

डोंगरावर तो भराभर सुरू व्हायचा. मला हायसं वाटलं. पण माझ्या प्रोग्रॅमनं मोजणीचे आकडे टिपायला सुरुवात केली आणि दर काही मिनिटांनी स्क्रीन गोठायला लागला. केंद्रातल्या फोनवरून मी रूममेटला गाठलं.

"दर सेकंदाला फाइलमध्ये लिहितेस का?" तिनं विचारलं. "वाचायला तो फास्ट आहे, पण असं थोडं थोडं लिहायला अडत असेल. आधी रॅममध्ये साठव आणि दर दहा मिनिटांनी एकदम फाइलमध्ये लिही."

मी प्रोग्रॅम बदलला. गोठणं जवळजवळ थांबलं.

शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन संशोधक होता. त्याचा जुना लॅपटॉप सारखा कुरकुरत असे. त्यात कुठली डिस्क आहे, मी विचारलं.

"साधी हार्ड डिस्क," तो म्हणाला. "इथे तीन उन्हाळे झाले."

मी त्याला दहा हजार फुटांबद्दल सांगितलं. त्याला ते ठाऊक नव्हतं. तो खिशातून पेन ड्राइव्ह काढून फाइली कॉपी करायला लागला. त्याची डिस्क त्या महिन्यातही बंद पडली नाही.

माझी मोजणी पूर्ण झाली. गाइडनी विचारलं, पुढच्या वेळी कुठला घ्यायचा? मी बोलायला सुरुवात केली, आणि एक उंचीला चालतो पण लिहिताना अडतो, दुसरा अटीबाहेरही तीन उन्हाळे चालला, असं दोन्ही बाजूंनी सांगून झालं तरी माझं मलाच उत्तर सापडेना.