पन्नास म्हणजे पन्नास

कामठ्याच्या सुशीलाबाईशी भावावरून हुज्जत घाला, ती हसून सोडून देईल. तिच्या मापावर बोट ठेवा, मग बघा! चारोळी फोडण्यात, पाखडण्यात आणि पुड्या भरून विकण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. आणि गोंदियाचा सेवकराम मिठाईवाला फोनवर म्हणाला, "बाई, पन्नास ग्रॅमच्या पुड्या कमी भरून राहिल्या." तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काटा बिघडला असन," सून आचल म्हणाली. तिनं काट्याचा फोटो गोंदियाच्या रचनाला पाठवला. रचनाकडे काटे दुरुस्तीचं लायसन होतं. तिचा फोन आला.

"तीसेक किलोचा टेबलकाटा दिसते. पण माहितीच्या पाटीवर सारं कुंकूच आहे, काय वाचू?"

दसऱ्याला पूजलेल्या काट्यावरचं कुंकू पुसायचं नाही, हा बाईचा नेम. हात जरा अडला. मग तिनं काट्याला नमस्कार केला आणि ओल्या फडक्यानं पाटी स्वच्छ पुसली.

दुसऱ्या फोटोवरून रचनानं वाचून दाखवलं. "जास्तीत जास्त तीस किलो, कमीत कमी शंभर ग्रॅम, एक टप्पा पाच ग्रॅमचा. अचूकतेचा वर्ग तिसरा, दुकानाले चालते. पण काकू, शंभरच्या खाली यावर तोलाचंच नाही. पुडी कशी भरता?"

"पन्नास दिसले का बस."

"तिथंच चुकते. हा पाचापाचानं उडी मारते. साडेसत्तेचाळीसच्या पुढं गेलं का पन्नास दाखवते."

"म्हणजे काटा खोटा नाही?"

"ते फोटोतून कसं सांगू? त्याले प्रमाणित वजनं ठेवून पाहा लागते. अन शिक्का मागच्या वर्षीचा आहे, दरवर्षी नवा लागते. काटा घेऊन या."

रचनानं लहानमोठी वजनं ठेवली, ताटलीच्या कोपऱ्यांवरही ठेवून पाहिली. काटा बरोबर निघाला. तो वजनमापे निरीक्षकाकडे शिक्क्याला गेला.

बाईला आता दोष काट्यावर ढकलायची सोयही राहिली नव्हती. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, स्वतःचाच. तिनं अर्ध्या ग्रॅमचा टप्पा असलेला, शिक्क्याचा, तीन किलोचा छोटा काटा घेतला. घरातल्या साऱ्या पुड्या फोडल्या. रिकामी पिशवी ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग भरायचं. संध्याकाळपर्यंत सासू-सून दोघी भरतच होत्या.

दुसऱ्या दिवशी ती सेवकरामच्या दुकानात गेली. "तुम्ही खरं बोलले. कमी मीच भरत होती. जुन्या पुड्या वापस द्या, ह्या घ्या."

सेवकराम ओशाळला. "राहू द्या बाई, आता तुमची पुडी मी तोलणार नाही."

सुशीलाबाईनं पुडी उचलून त्याच्या काट्यावर ठेवली आणि पदर खोचून समोर उभी राहिली.

"काऊन नाही? तोला. मी पाहून राहिली."