पुसायचं ठरलेला आवाज

आमच्या गावच्या बायकांच्या काजू संस्थेची मी सचिव. सभेत लिहून घेताना माझी त्रेधा उडते, म्हणून मी बोलणं फोनवर रेकॉर्ड करते. सुरुवातीलाच सांगते, "आवाज इतिवृत्त लिहिण्यापुरता घेते. फोनला कुलूप, कुणाला पाठवणार नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त मंजूर झालं की पुसणार. कुणाला नको असेल तर सांगा, हातानं लिहीन." मग एकेकीनं आपल्या तोंडानं हरकत नाही म्हणायचं, तेही रेकॉर्डिंगमध्येच. नुसत्या माना डोलावलेल्या मला चालत नाहीत. यावरून माझी मोठी जाऊ मला 'कोर्टातली बाई' म्हणायची.

एका सभेनंतर, पुढची व्हायच्या आत, ती गेली. काही ध्यानीमनी नसताना.

सावंतवाडीला दिलेल्या तिच्या लेकीचा फोन आला. "काकी, आयेचे फोटो आसत, पण आवाज खंयच नाय. तुझ्या फोनात आसा ना? माका पाठवशीत?"

मला तर लगेच पाठवावासा वाटला. पण त्या सभेत काजूगर कुणी जाळले यावरून चांगलीच जुंपली होती, आणि कुणाला पाठवणार नाही असा शब्द मी सगळ्यांना दिलेला. म्हणून पुढच्या सभेत विचारलं, लेकीलाही बोलावून घेतलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तिच्या एकटीचो आवाज काढून दी तिच्या चेडवाक. आमची भांडणा नको." एकेकीनं होकार दिला.

इतिवृत्त मंजूर झालं. सगळ्या गेल्यावर तेवढा तुकडा कापायला आम्ही दोघी पडवीत बसलो. इतिवृत्त मी मागच्या सभेच्या रात्रीच लिहून टाकलं होतं, ती गेल्यावर रेकॉर्डिंग ऐकायचा धीर झाला नव्हता. सुरुवातीला माझा रुक्ष आवाज, मग एकेकीची संमती, आणि मग ती.

"माझी काय हरकत नाय गो. पण काम झाला काय पुसून टाक हां. माझो आवाज मागे ठेवू नको, माकाच तो आवडना नाय."

मागे सगळ्या खदखदून हसत होत्या. मीही.

लेकीनं ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. मला वाटत होतं, तिनं हट्ट करावा. मी नाही म्हणू शकले नसते. खरं तर मलाच तो आवाज हवा होता. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात मला सगळ्यांत आधी हाक मारायची ती तीच.

"पूस काकी," ती म्हणाली. "आयेन सांगल्यान तसाच कर."

मी पुसलं. फोन पुसलेलंही काही दिवस कचऱ्यात ठेवतो, तिथूनही काढलं. कायमचं पुसायचं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा लेकीनं माझा हात धरला होता.

आता तो आवाज माझ्या कानात तेवढा उरलाय, आणि हल्ली मला कमी ऐकू येतं.