उतरवल्यावरही चढणारा आकडा

आमच्या घरी भाजी उतरवली की स्वयंपाक संपला. आईनं पातेलं चुलीवरून खाली ठेवलं की बाबा ताटावर बसलेलेच असायचे. बार्शीटाकळीजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा. कोंबडी घरात शिजत नसे, मळ्यात तीन दगड मांडून शिजे, पण तिथंही नियम तोच. उतरवली म्हणजे झाली, आणि वाढताना तिच्यातून वाफा निघाल्या पाहिजेत. 'उतरवणे' या एका शब्दापायी मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला नापास झाले.

अमरावतीच्या कॉलेजात अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजायची होती. छातीच्या जाड भागात, हाडाला न लागता, थर्मामीटरची सळई खुपसायची. आत पंच्याहत्तर अंश दाखवले की कोंबडी खायला सुरक्षित. मी बरोबर पंच्याहत्तरला बाहेर काढली. पाहुण्याला गार वाढायचं कसं, म्हणून गरम डब्यात घालून वर घट्ट झाकण लावलं. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी वीस मिनिटांनी सळई खुपसली तर आकडा चौऱ्याऐंशी. त्यांनी छातीचा तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि पाणी मागितलं. थर्मामीटर बिघडलंय, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. मी मुळातच तापट, आणि त्या दिवशी तर मला मी शंभर टक्के बरोबर आहे असं वाटत होतं.

फेरपरीक्षेला वर्ष होतं. अकोल्यातल्या एका हॉटेलनं मला शिकाऊ म्हणून घेतलं. पास झालीस तर कायम करू, म्हणाले. बाबांनीही त्यांचं सांगून टाकलं. "या खेपेले नापास झाली तर मळ्यात ये. वांगी तोडाले मानसं भेटून नाही राहिले." ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी साधेपणानं बोलले, म्हणून मला भीती वाटली.

हॉटेलच्या भटारखान्यात एक म्हातारे आचारी होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांना मी माझी कर्मकहाणी सांगितली. ते हसले नाहीत.

"पोरी, अकोल्याची हाय ना तू? मे महिन्यात घर कवा जास्त तापते?"

"दुपारी."

"झूठ. दुपारी स्लॅब तापते. दिवस बुडाला की वरचं ऊन जाते, पण स्लॅबात भरलेली गरमी खाली उतरत राहते. आठ वाजता खोलीत बसवत नाही. तुह्या कोंबडीचंही तसंच हाय. कातडीजवळचं मांस लय गरम, मधलं कमी. भट्टीतून काढलं तरी वरची गरमी आत जाऊन राहिली. मंग मधला आकडा चढन नाही तर काय करन?"

मग मी ते स्वतः करून पाहिलं. पंख्याखाली ठेवली तर आकडा कमी चढायचा, कारण वरची गरमी हवेतच जायची. घट्ट झाकली तर जास्त चढायचा. ओव्हन जितका कडक, तितकं बाहेरचं आणि आतलं अंतर मोठं आणि चढणंही मोठं. हॉटेलच्या दोन किलोच्या कोंबड्या मी एकोणसत्तरला काढायला लागले. वर नुसता सैल कागद टाकायचा, पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. आकडा शहात्तरच्या आसपास जाऊन थांबायचा आणि मग हळूहळू उतरायचा. मांस मऊ राहायचं.

फेरपरीक्षेच्या दिवशी परीक्षक तेच होते. माझ्या टेबलावर कोंबडी ठेवली गेली. ती जेमतेम सव्वा किलोची होती. लहान कोंबडीत गरमी साठतेच कमी, ती सहा-सात अंश चढणार नाही. किती चढेल? चार? पाच? मी वर्षभर लहान कोंबडी भाजलीच नव्हती. स्वतःचा इतका राग आला की पक्कड हातातून सुटली.

साडेअकरा वाजून गेले होते. बाराला ताट द्यायचं होतं. कोंबडीत खुपसलेल्या सळईचा आकडा बघत मी ओव्हनच्या काचेला नाक लावून उभी होते. एकोणसत्तर झाले, हात शिवशिवले, काढली नाही. सत्तर. एक्काहत्तर. काढली.

परीक्षक मागंच उभे होते. "एक्काहत्तर? ही कच्ची आहे. परत आत ठेवा."

"नाही सर. पंच्याहत्तर होईल."

"ओव्हनच्या बाहेर?"

"हो सर. दहा मिनिटं द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटांनी झाली नाही, तर पुन्हा भाजायला तुमच्याकडं वेळ उरणार नाही. आणि कच्ची कोंबडी वाढणाऱ्याला मी पास करत नाही."

मला ते माहीत होतं. तरी मी होकारार्थी मान डोलावली. मग ध्यानात आलं की ट्रे नेमका भिंतीवरच्या पंख्याच्या झोतात ठेवलाय. उचलला, ओव्हनला लागून असलेल्या कोपऱ्यातल्या टेबलावर नेला, कागद सैल टाकला, सळई आत तशीच ठेवली.

एक्काहत्तर. एक्काहत्तर. दुसऱ्या टेबलांवर ताटं सजत होती. कुणीतरी कोथिंबीर चिरत होतं. बहात्तर. त्र्याहत्तर झाले आणि आकडा अडकला. एक मिनिट गेलं. दीड मिनिट गेलं. परीक्षकांनी हात मागं बांधले. ओव्हन अजून गरमच होता, दार उघडून आत सरकवायला दोन सेकंद लागली असती. मळ्यातली वांग्यांची रांग मला स्पष्ट दिसली, आणि त्या रांगेत वाकलेली मी. माझा हात दाराच्या मुठीकडं गेलाही होता.

चौऱ्याहत्तर.

"चढून राहिलं सर," मी म्हणाले. परीक्षेत मराठी नीट बोलायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

"काय?"

"आकडा. वर जाऊन राहिला."

ते जवळ आले. आम्ही दोघं त्या छोट्या पडद्यावर वाकून उभे होतो. पंच्याहत्तर आले. मांडीच्या सांध्यात त्यांनी स्वतःची सळई खुपसली. तिथं अठ्ठ्याहत्तर होते. मग छातीत दुसऱ्या बाजूनं खुपसली. तिथंही पंच्याहत्तर. मी सुरी पुसून घेतली.

बाराला तीन मिनिटं कमी असताना मी छाती कापली. सुरी लागताच रस निघाला, स्वच्छ, पण ताटभर वाहिला नाही. परीक्षकांनी तुकडा तोंडात घातला. या वेळी पाणी मागितलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं, आणि लिहिता लिहिता, सहज गप्पा मारल्यासारखे म्हणाले, "गेल्या वर्षी याच खोलीत एका मुलीनं मला लाकूड वाढलं होतं. वर मलाच सांगत होती, थर्मामीटर बिघडलंय."

मी गप्प बसू शकले असते. गुण अजून दिलेले नव्हते.

"मीच होती ते, सर," मी म्हणाले.

त्यांनी कागदावरून नजर उचलली आणि माझ्याकडं नीट पाहिलं. मग पेन खाली ठेवून ताटातला दुसरा तुकडा घेतला.