चौथ्या ओळीतले २.८६

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात सीएफओंना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणत. समोर 'काका'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि त्यांच्या मते पहिलं अधिक अचूक होतं. एकतीस वर्षांत त्यांनी कुठलाही आकडा 'साधारण' म्हणून सांगितल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. कँटीनवाल्याने एकदा विचारलं, "काका, चहा अर्धा देऊ?" तर म्हणाले, "पाऊण दे. अर्धा म्हटलं की तू पाव देतोस."

लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी जावयाची मिळकत विचारली. काकांनी पगार सांगितला, कपात सांगितली, बहिणीच्या शिक्षणाचा खर्च सांगितला, आणि वर म्हणाले, "पहिली दोन वर्षं ओढाताण होईल. तिसऱ्या वर्षापासून बरं." आतून मुलीने निरोप पाठवला की चालेल. पुढे औषधांचं दुकान चालवताना काकू गिऱ्हाइकांना सांगत, "माझ्या नवऱ्याने मला फसवलं नाही. दोन वर्षं खरंच ओढाताण झाली."

तर या माणसावर त्या वर्षी बँकांना चिठ्ठी लिहायची वेळ आली.

झालं होतं असं: मोठ्या भट्टीचं अस्तर बदलायचं होतं. पंचेचाळीस दिवसांचं काम चौऱ्याहत्तर दिवस चाललं. भट्टीमास्तरांनी उकरलं तेव्हा खालचा थरही गेलेला निघाला. ज्या तिमाहीत अकरा-बारा कोटी नफा व्हायचा (व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा), तिथे एक कोटी आला. कर्जाच्या करारात अट होती: हातातली रोकड वजा करून उरलेलं कर्ज मागच्या चार तिमाहींच्या अशा नफ्याच्या साडेतीनपटीच्या आत हवं. कर्ज एकशे चाळीस कोटी, चार तिमाहींची बेरीज पस्तीस. भागाकार बरोब्बर चार. हप्ता एकही चुकला नव्हता. पण अट मोडली होती, आणि अट मोडली की तिन्ही बँकांना सगळे पैसे एकदम मागायचा अधिकार होता. तेवढे पैसे कारखान्याकडे नव्हते, आणि चारशे माणसांचा पगार त्याच कारखान्यातून निघत होता.

मालकीण म्हणजे जुन्या मालकांची मुलगी. काका तिला ऑफिसात ताई म्हणत, ती त्यांना काका. तिने मसुदा वाचला आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"काका, हे काय? भट्टी सुरू झाली, ऑर्डरी आहेत. मग पुढच्या तिमाहीत ४.१८? त्याच्या पुढे ४.१९? आपण सुधारतोय की बुडतोय?"

"सुधारतोय."

"मग आकडा वाढतोय कसा?"

"बेरीज चार तिमाहींची असते, ताई. नवी नऊ कोटींची तिमाही आत येणार, पण तिच्यासाठी गेल्या वर्षीची अकरा कोटींची बाहेर जाणार. बंद भट्टीची एक कोटीवाली मात्र वर्षभर मुक्काम ठोकून बसणार. ती उठेपर्यंत आकडा बरा दिसायचा नाही."

"आणि उठली की?"

"३.९४ वरून एकदम २.८६. चौथी ओळ."

ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, पण आपणहून कोण लिहितं असं? 'पुढील तिमाहीपासून सुधारणा' एवढंच लिहा की. खोटं थोडंच आहे!"

"खोटं नाही. तीन महिन्यांनी ४.१८ गेला की खोटं होईल."

"बरं, बंद काळात बुडालेला नफा परत मिळवून दाखवा. एकदाच झालंय ना?"

"दुरुस्तीचा खर्च मिळवता येतो, तो मिळवूनच एक कोटी आलाय. न झालेला नफा मिळवता येत नाही. पान एकसष्ट." करार काकांनी पाठ केला नव्हता. फक्त वाचला होता. त्या इमारतीत तेवढ्यानेही माणूस वेगळा उठून दिसे.

शेवटी ताई म्हणाल्या, "बाबा असते तर तुम्हाला काय म्हणाले असते?"

"ओरडले असते. मग सही केली असती."

ताईंनी दोन्ही केलं.

चिठ्ठी तीन पानांची झाली. अट कशी मोडली, पहिल्या परिच्छेदात. का मोडली, दुसऱ्यात. मग योजना: नव्या गोदामाचं काम थांबवणार, वर्षभर लाभांश नाही, कर्ज टप्प्याटप्प्याने एकशे सव्वीस कोटींवर आणणार. मागणी एवढीच, की या वेळची चूक माफ करावी आणि पुढच्या तीन तिमाही मर्यादा साडेचार धरावी. शेवटी चार ओळींचा तक्ता. त्यातल्या नऊ कोटींसाठी काकांनी भट्टीमास्तरांना 'काम किती होईल' हे विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, "सगळं बिघडत गेलं तर किती?" मास्तर हसून म्हणाले होते, "काका, तुम्ही माणसाला आशा धरू देत नाही."

बैठक मुख्य बँकेत झाली. खोली थंड, बिस्किटं मऊ. दुसऱ्या बँकेचे साहेब तक्ता बघून म्हणाले, "आजवर आमच्याकडे आलेली प्रत्येक योजना पुढच्याच तिमाहीत सुधारते. तुमची आधी बिघडते. छापताना ओळी उलट्या तर नाही झाल्या?"

"नाही," काका म्हणाले.

मुख्य बँकेच्या मॅडमनी स्वतःची फाइल उघडून एक कागद सरकवला. त्यांच्या माणसाने परभारे काढलेला अंदाज होता: ४.२. "दशांशाचं एकच स्थळ काढलंय, माफ करा," त्या म्हणाल्या. काकांनी ते मोठ्या मनाने माफ केलं.

मग मॅडमनी पेन चौथ्या ओळीवर टेकवलं. "हा २.८६ येईल तेव्हा हिशेब कोण पाठवणार? तुम्हीच?"

एवढ्या तीन पानांत काकांनी एकच आकडा लिहिला नव्हता. "मी त्याच्या दोन महिने आधी निवृत्त होतोय."

ताईंनी मान वळवली. त्यांना तारीख माहीत होती. तक्त्याशेजारी ठेवून पाहिली नव्हती.

"हे चिठ्ठीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाही. घालायला हवं होतं." काकांचे कान लाल झाले होते. ताईंनी त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं, आणि गंमत म्हणजे त्यांना जरा बरं वाटलं.

दहा दिवसांनी बँकांचं पत्र आलं. सूट दिली होती. मर्यादा साडेचार, व्याज पाव टक्का जास्त, दरमहा अहवाल. आणि सातवी अट: आकडा साडेतीनच्या आत येईपर्यंत सध्याचे सीएफओ पदावर राहतील.

"आता काय करायचं, काका?" ताईंनी विचारलं. आवाजात विनंती होती आणि लपवता न आलेलं हसू.

"घरी विचारायला हवं."

काकूंनी दुकानाच्या काउंटरवर पत्र वाचलं, चष्मा काढला. "निवृत्तीनंतर रोज सकाळी दुकान तुम्ही उघडणार, मी झोपणार. कबूल केलं होतंत ना?"

"केलं होतं."

"म्हणजे ही अट मोडली."

"हो."

"मग लिहून द्या. त्यांना तीन पानं दिलीत, मला एक तरी?"

काकांनी औषधाच्या पावतीपुस्तकातला कागद घेतला. कारण लिहिलं. उशीर लिहिला: किमान दोन महिने, हिशेब तपासून निघेपर्यंत साडेतीन. मग भरपाई: तोवर दर रविवारी दुकान मी उघडीन.

काकूंनी वाचलं. "सुरुवातीचे दोन रविवार वाईट जातील, असं का लिहिलंय?"

"मला औषधं कुठे ठेवलीत ते माहीत नाही."

काकूंनी कागदावर दुकानाचा शिक्का मारला आणि तो गल्ल्यात, चिल्लरीच्या खाली, जपून ठेवला.