वीरासनाचं वर्णन

लहानपणी दादा जे बोले ते ती लगेच मागून बोलायची. दादा म्हणाला, "भूक लागली," की हीसुद्धा "भूक लागली," मग नुकतीच जेवून का उठलेली असेना. दादानं तिचं नाव पोपट ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच उरलं. पुढे मोठेपणी ती त्याच कामावर पोट भरू लागली, तेव्हा वहिनी म्हणायची, "हिच्यासारखं नशीब पाहिजे. खोडीचा पगार मिळतो."

दादाचा योगवर्ग एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. लाकडी फळ्यांची जमीन, भिंतीशी घोंगड्यांची चळत, कपाटात ठोकळे आणि पट्टे, दाराबाहेर बुटांचा ढीग. परदेशातून गट यायचे, महिनाभर राहून शिकायचे. दादाला त्यांच्या भाषेतलं 'नमस्कार'सुद्धा धड येत नव्हतं. ही ती भाषा शिकून, तिकडे काही वर्षं राहून परत आली होती. दादा बोलायचा, ही सांगायची. वर्गात तो 'सर', घरी दादा.

काम दिसायला सोपं, पण त्यात भल्याभल्यांची भंबेरी उडते. पहिल्याच आठवड्यात दादा म्हणाला, "श्वास सोडा," आणि हिनं घाईत जे सांगितलं त्याचा अर्थ त्या भाषेत झाला 'श्वास घेणं सोडून द्या'. एक आजीबाई खरोखरच घाबरून उठून बसल्या. तेव्हापासून ही जपून बोलू लागली. माणूस खाली वाकलेला असताना त्याला लांबलचक वाक्य देऊन चालत नाही, तो वाक्य संपेपर्यंत तसाच लटकत राहतो. आधी शरीराचा भाग सांगायचा, मग दिशा, मग श्वास.

आणखी एक नियम होता, तो दादानंच घालून दिलेला. "मी बोलेन ते सगळं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही. 'सर म्हणतात, सर म्हणतात' असं शेपूट लावत बसायचं नाही." म्हणून दादा 'मी' म्हणाला की हीही 'मी' म्हणायची. एकदा दादा सांगत होता, "थंडीत माझे गुडघे धरतात," आणि हिनं ते इमानानं सांगितलं, तर एका भल्या विद्यार्थ्यानं घोंगडी आणून हिच्याच गुडघ्यांवर घातली. सगळे पोट धरून हसले. मग गट सरावला. हिच्या तोंडातला 'मी' म्हणजे सर, हे सगळ्यांना पाठ झालं. हिला स्वतःबद्दल काही सांगायची वेळ कधी आलीच नाही.

आसनांच्या नावांचं तिनं स्वतःपुरतं बसवून टाकलं होतं. आधी संस्कृत नाव जसंच्या तसं, आणि लगेच साध्या शब्दांत वर्णन. "ताडासन. पावलं जवळ, दोन्ही पायांवर सारखा भार, हात बाजूला." नावाची चव राहते आणि माणूस चुकत नाही. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

मग दादा कुठल्याशा संमेलनाला जाऊन आला. तिथं त्याला कोणीतरी सांगितलं की अस्सल वर्गात फक्त नावं उच्चारतात, वर्णन करणं म्हणजे कवायत. दादाच्या डोक्यात हे घट्ट बसलं.

"पोपट, उद्यापासून वर्णन बंद," तो म्हणाला. "फक्त नाव. डोळे मिटून ऐकायचं आणि करायचं. नाव जगभर एकच असतं, त्याला भाषांतर लागत नाही."

"कुठं एकच असतं?" ती म्हणाली. "आपल्याकडे पर्वतासन म्हणजे हात-पाय जमिनीवर आणि कंबर वर. दुसऱ्या परंपरेत त्याच नावाखाली मांडी घालून हात डोक्यावर नेतात. हा गट तिकडचा शिकलेला आहे, दादा. नाव ऐकून ते त्यांच्या सवयीचं करतील."

"शिकलेले आहेत ना? मग कळेल त्यांना."

"आणि कोणाला लागलं तर?"

दादानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "मी आहे ना. काही झालं तर सगळं माझ्यावर. तू कशाला काळजी करतेस?"

या टपलीवर ती आजवर जगत आली होती. तिला पटलं नव्हतं, पण दादा 'माझ्यावर' म्हणाला की तिच्या लेखी विषय संपत असे. चूक असेल तर तिची एवढीच.

त्या गटात एक उंच सुतार होता. त्याच्या गुडघ्याचं पूर्वी ऑपरेशन झालेलं. पहिल्याच दिवशी त्यानं ते सांगितलं होतं. दादा त्याला म्हणाला होता, "घाबरू नकोस. मी तुझ्या गुडघ्याला काही होऊ देणार नाही." आणि हिनं ते नियमाप्रमाणे सांगितलं होतं, 'मी' म्हणूनच, त्याच्या डोळ्यांत बघून.

त्या सकाळी सगळे डोळे मिटून वज्रासनात बसले होते. दादा व्यासपीठावरून म्हणाला, "वीरासन."

"वीरासन," ती म्हणाली, आणि थांबली.

दादाच्या वर्गातलं वीरासन अगदी सौम्य. वज्रासनातून एक पाय उचलून पाऊल दुसऱ्या गुडघ्याशेजारी टेकवायचं, उभ्या गुडघ्यावर कोपर, तळहातावर हनुवटी. विचारात पडलेल्या माणसासारखं. पण हा गट जिथून आला होता तिथं वीरासन म्हणजे गुडघे जवळ, पावलं बाजूला सरकवून दोन टाचांच्या मध्ये थेट जमिनीवर बसणं. ज्यांचे गुडघे नाजूक त्यांना तिथं बुडाखाली ठोकळा देतात. इथं ठोकळे कपाटात होते.

ती डोळे उघडे ठेवून काम करणारी. सुताराची पावलं बाजूला सरकताना तिला दिसली. तिनं तोंड उघडलं आणि दादाकडे पाहिलं. दादालाही दिसलं होतं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. राहू दे, शांतता मोडू नको. तिनं तोंड मिटलं. सुतार खाली बसला, आणि मग असा ओरडला की डोळे मिटलेले सगळे एकदम जागे झाले.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली कूर्चा फाटली आहे. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

दोन दिवसांनी वर्गाच्या ऑफिसात बैठक झाली. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि कपड्यांचे हुक. सुतार एका खुर्चीत, त्याचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी गटाच्या प्रमुख बाई, स्वतःही शिक्षिका. टेबलापलीकडे दादा. खुर्च्या संपल्या म्हणून ही मध्ये उभी. नाहीतरी तिची जागा मध्येच होती.

प्रमुख बाईंनी शांतपणे विचारलं, "आम्हाला नुसतं नाव का सांगितलं गेलं? आसन कसं करायचं ते का सांगितलं नाही?"

तिनं ते दादाला मराठीत सांगितलं. सांगताना तिला बरंच वाटत होतं. आता दादा बोलेल, माझं चुकलं म्हणेल आणि हे ओझं उतरेल, अशी तिची खात्री होती. वाक्याची तयारीसुद्धा तिनं मनात करून ठेवली होती. 'जबाबदारी माझी आहे.' त्या भाषेत हे वाक्य छान होतं.

दादानं टेबलावरची पेन्सिल सरळ केली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी शिक्षक आहे. मी आसन नीटच सांगतो. पुढे भाषांतरात काय गळतं, ते मला कसं कळणार?"

तिला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. आयुष्यभर या माणसाचं बोलणं ऐकलेलं, त्याच्या श्वासावरून पुढचा शब्द ओळखणारी ती, पण हे वाक्य तिला ओळखता आलं नाही.

"सांग ना," दादा म्हणाला.

नियम होता. कमी नाही, जास्त नाही. तिनं सांगितलं. "मी शिक्षक आहे. मी आसन नीटच सांगतो. पुढे भाषांतरात काय गळतं, ते मला कसं कळणार?" स्वतःच्या तोंडानं, 'मी' म्हणत, स्वतःवरचा आरोप. एकही शब्द चुकला नाही.

सुतार तिच्याकडे बघू लागला. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. तो म्हणाला, "मग वर्णन कोणी गाळलं, ते तरी कळू दे."

तिनं दादाला सांगितलं. दादा पुढे झुकला. आवाज घरचा झाला, अगदी मऊ. "पोपट, सांग त्यांना, तू तुझ्या मनानं गाळलंस. तुझं काय जातंय? तुला कोण ओळखतं? माझा वर्ग बुडेल गं."

असं होतं तर. 'तुला कोण ओळखतं.' त्याच्या टपलीखाली डोकं ठेवून काढलेल्या सगळ्या वर्षांचा हा हिशेब होता. तिला रडू आलं नाही. तिला लाज वाटली, आणि ती त्याच्यासाठी नव्हती, तर त्याला देव मानणाऱ्या त्या मुलीसाठी. पोपट नाव त्यानं ठेवलं होतं, आणि पोपट करायलाही तो विसरला नव्हता.

ती प्रमुख बाईंकडे वळली. पाठ ताठ, हात बाजूला, ताडासनात उभी राहावी तशी. आणि तिनं इमानानं भाषांतर केलं. गाळलं नाही, घातलं नाही.

"पोपट, सांग त्यांना, तू तुझ्या मनानं गाळलंस. तुझं काय जातंय? तुला कोण ओळखतं? माझा वर्ग बुडेल गं."

प्रमुख बाईंनी दादाकडे पाहिलं, मग हिच्याकडे, मग पुन्हा दादाकडे. सुतारानं डोळे मिटून घेतले.

"सांगितलंस ना नीट?" दादानं विचारलं.

"शब्दन् शब्द."

"गुणाची गं माझी ती." त्यानं सुस्कारा सोडला. त्याचा चेहरा लहानपणी काच फोडून हिचं नाव पुढे केल्यावर व्हायचा तसा मोकळा झाला. तेव्हा तिनं ते आपल्यावर घेतलं होतं. "आता सांग, उद्या वर्ग नेहमीच्या वेळेला."

तिनं तेही सांगितलं. मग त्याच भाषेत पुढचं वाक्य बोलली. "मी उद्यापासून येणार नाही."

प्रमुख बाई गोंधळल्या. "सर येणार नाहीत?"

"सर येतील."

"पण तुम्ही आत्ता 'मी' म्हणालात."

तिला समजावून सांगावं लागलं. तिनं छातीवर हात ठेवला. "हा मी सरांचा नाही. मी म्हणजे मी. ही, इथं उभी असलेली."

सुतारानं डोळे उघडले आणि हळूच मान हलवली.

"एवढं काय लांबण लावलंयस?" दादा कुरकुरला. "एका वाक्याचं काम होतं."

हुकावरची शाल काढून ती खांद्यावर घेत होती.

"नुसत्या नावानं कळत नव्हतं त्यांना," ती म्हणाली. "वर्णन करावं लागलं."