डाव्या पायातला काळा दोरा

गोष्टीत मीठमसाला घालण्याची मला सवय आहे. माझ्या तोंडून ऐकलेला खड्डा विहिरीएवढा असतो, असं आमच्या घरात म्हणतात. ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगायला घेतली की दोन वाक्यांत संपते आणि ऐकणारा पुढचं विचारत राहतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच बघावी.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली तेव्हा भातं पिवळी पडायला लागली होती आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यात शिरत होतं. आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना लागतं. तिचं सासर खालापूरजवळ, कुंभिवलीच्या बाजूला. सातवा महिना संपत आला होता. तिला ओटीवर खुर्चीत बसवून मी जाहीर केलं, की आता हिने उठायचं नाही. पाणी हातात, ताट हातात, फोनचा चार्जरही हातात.

"मम्मी, मला चालायला सांगितलंय गं," ती म्हणायची.

"चालायला आयुष्य पडलंय," मी म्हणायची. माझ्या वेळी मला सातव्या महिन्यात भात झोडायला लावलं होतं. त्याचा सूड मी लेकीला खुर्चीत बसवून उगवत होते.

संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. घोट्याची हाडं दिसेनाशी व्हायची आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा. तिच्या शेजारी माझ्या सासूबाई बसायच्या. त्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे, आणि त्यांचेही पाय संध्याकाळी तसेच फुगायचे. मी अंगठ्याने घोट्याच्या वर दाबून बघायची. खळगा पडायचा आणि सावकाश भरायचा.

"पुरणाच्या पोळ्या हायत का, दाबून बघायला?" सासूबाई म्हणायच्या.

दोघींचं कारण वेगळं होतं, हे आम्हांला कर्जतच्या डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. पोटुशीच्या अंगात पाणी जास्त साठतं. वाढलेली पिशवी पोटातल्या शिरांवर दाब देते, मग पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो. त्यात दिवसभर पाय खाली सोडून बसलं आणि उकाडा असला की झालंच. म्हातारपणी शिरांच्या आतल्या झडपा ढिल्या होतात. शिवाय सासूबाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळीनेही काहींचे पाय सुजतात. ती गोळी मनाने बंद करायची नाही, असं त्यांना बजावून सांगितलं होतं. हे ऐकल्यावर सासूबाईंनी दोन दिवस गोळी उशीखाली लपवली, मग चक्कर आली तेव्हा गुपचूप घ्यायला लागल्या.

उपाय साधे होते. पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. मुलीने डाव्या कुशीवर झोपायचं. घोटे गोल फिरवायचे, पंजे वर-खाली करायचे, अधूनमधून चार पावलं टाकायची. पापड-लोणचं कमी, पाणी मात्र तोडायचं नाही. सकाळपर्यंत सूज उतरली तर घाबरायचं कारण नाही. तोंड-हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंवा एकच पाय सुजून दुखायला लागला तर थांबायचं नाही, लगेच यायचं. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं होतं. घरी येऊन उशा लावल्या. चार पावलांचं तेवढं विसरले.

सकाळी चारही पाय उतरलेले असायचे. मला त्यात विजय वाटायचा. घरी आलेल्या शेजारणींना मी ते पाय दाखवायची, जणू मीच रात्री बसून दाबून उतरवले होते.

मग एका गुरुवारी सकाळी मुलीचा डावा पाय उतरला नाही.

त्या पायात काळा दोरा होता. नजर लागू नये म्हणून तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, पाचव्या महिन्यात स्वतः बांधलेला. बाळंतपण होईपर्यंत काढायचा नाही, असं सांगून बांधलेला. तो आता मांसात रुतला होता.

"दोरा रुतलाय," मी म्हणाले. "म्हणून सूज."

"काप मग," मुलगी म्हणाली. "पोटरी ठणकतेय."

कात्री समोर पेटीवर होती. पण तो दोरा आमचा नव्हता. मुलीच्या सासरचा दोरा माहेरच्यांनी न विचारता कापला आणि पुढे काही कमीजास्त झालं, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, हे मी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हसून सांगितलं असतं. मी फोन लावला.

"अहो विहीणबाई, दोरा जरा घट्ट झालाय. कापू का?"

"गुरुवारी?" त्या म्हणाल्या. "तो मारुतीच्या देवळातून मंतरून आणलेला आहे. शनिवारी नवा आणून देते, तो आधी बांधायचा, मग हा काढायचा. पाय मोकळा ठेवू नका मध्ये."

"बरं."

"आणि तोपर्यंत खोबरेल तेल लावून सैल करा. बाळ पण कसं आहे ते सांगा."

बाळ हलत होतं. मी तसं सांगितलं. नंतर सासूबाई म्हणाल्या, "दोऱ्याला लायसन लागतं का गं?" आणि मी हसले. मला आठवतंय, मी हसले.

शुक्रवारी पाय मांडीपर्यंत जड झाला. उजवा मात्र नेहमीसारखा सकाळी उतरलेला. मुलगी लंगडत न्हाणीघरात गेली. माझा नवरा रसायनीच्या कंपनीत शिफ्टला होता. त्याला मी फोनवर सांगितलं, दोऱ्यामुळे आहे, उद्या सुटेल. तो म्हणाला, बरं. आमच्या घरात बरं म्हणायची फार सवय आहे.

शनिवारी सकाळी जावई नवा दोरा देऊन कामावर गेला. मी नवा बांधला, जुना कापला. खाली गोल लाल वळ उमटला होता. तेल गरम करून आणलं आणि पोटरीला चोळायला हात लावला, तशी मुलगी किंचाळली.

"हात लावू नको!"

"अगं सैल व्हायला..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्या आपल्या खुर्चीतून उठल्या, वाकल्या. त्यांनी आपला हात आधी तिच्या उजव्या पोटरीवर ठेवला, मग डाव्या. मग परत उजव्या. "ह्यो डावा ऊन हाय. नि दोरा गेला, मग सूज कुठं गेली? माझे बघ, सकाळी उतरले. हिचा एकच पाय का नाय उतरला? दोरा तर आता तोडलास तू."

तेलाची वाटी हातात होती. डॉक्टरबाईंचं वाक्य मला आठवत होतं, एकच पाय. ते मी ऐकलं होतं तेव्हा मान डोलावली होती. आत मात्र काहीच झालं नाही. धडधड नाही, घाम नाही. मी वाटी खाली ठेवली आणि रिक्षावाल्याला फोन केला.

कर्जतला डॉक्टरबाईंनी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. डावी बरीच जाड भरली. त्यांनी विचारलं, "छातीत दुखतंय? दम लागतोय?"

"नाही," मुलगी म्हणाली.

"चोळलं का कुणी?"

"हात लावला, तेवढाच," मी म्हणाले.

"चोळू नका. पोटुशीला रक्त लवकर गोठतं, आणि डाव्या पायाच्या शिरेवर जास्त दाब असतो. त्यात बसून बसून पाय हलला नाही तर शिरेत गुठळी बसू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली की जीवावर बेतेल. पनवेलला जा, आत्ता. डॉप्लर सोनोग्राफी करायची."

"दोऱ्यामुळे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोऱ्याने वळ येतो. मांडीपर्यंत सूज येत नाही."

पनवेलपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. पळसदरीला रस्त्याच्या कडेला कुणीतरी गवताचे भारे ठेवले होते. ते मी मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. मुलगी माझ्या मांडीवर पाय ठेवून पडली होती. एरवी मी अशा प्रवासाचा दहा माणसं, एक म्हैस आणि फुटलेला टायर असा पसारा मांडला असता. तो प्रवास मला तासाभराच्या पांढऱ्या कागदासारखा आठवतो.

गुठळी होती. मांडीच्या शिरेत. सुटलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. ते सरळ बोलत होते, आणि मला वाटलं ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत. रक्त पातळ करणारं इंजेक्शन रोज पोटाच्या कातडीत घ्यायचं, बाळंतपणापर्यंत, आणि बाळंतपणानंतरही किमान सहा आठवडे. कळा सुरू होण्याच्या वेळी बंद ठेवायचं. ते नक्की कधी, हे तेच सांगणार होते.

घरी देणार कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सबाईने शिकवलं. पोटाची चिमूट धरायची, सरळ सुई घालायची, नंतर चोळायचं नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी विहीणबाई आल्या. दारातच उभ्या राहून रडल्या. "माझ्यामुळे," म्हणाल्या. "मी शनिवार म्हणाले."

"मी कापला नाही," मी म्हणाले.

"तुमी दोघी भांडा पुढं," सासूबाई म्हणाल्या. "आदी पोरीला टोच."

मुलगी अंगावरचा गाऊन वर करून डोळे मिटून पडली होती. "मम्मी, हात थरथरतोय का तुझा?"

"नाही," मी म्हणाले. खरंच थरथरत नव्हता. मी चिमूट धरली. पोटात बाळ हललं, माझ्या बोटांखालीच. मी सुई घातली.

"झालं?"

"झालं."

"कळलंच नाही," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती हळूहळू चालू लागली, डॉक्टरांनी सांगितलं तेवढी. मी तिला थांबवलं नाही. मी मागून चालायची आणि तिच्या पावलांकडे बघायची. संध्याकाळी दोघी परत शेजारी बसायच्या. पण आता अधूनमधून मी दोघींना उठवून अंगणाच्या गेटपर्यंत नेऊन आणायची. सासूबाई म्हणायच्या, "बघ, तुझ्या पोराच्या नावाने मला कवायत."

मुलगा झाला. बाळंतपण साधं झालं, पनवेललाच. लोक पेढे मागायला आले तेव्हा मी पेढे दिले. सगळ्यांनी विचारलं, कसं वाटतंय आजी होऊन? मी म्हणाले, छान. मला वाटायला पाहिजे होतं तसं अजून काही वाटलं नव्हतं, आणि ते लोकांना सांगायची गोष्ट नव्हती.

नवव्या दिवशी विहीणबाई बाळासाठी दोरा घेऊन आल्या. हातात धरून उभ्या राहिल्या, मला विचारत होत्या की बांधू का.

"बाळाला बांधा," मी म्हणाले. "सैल बांधा."

त्यांनी सैल बांधला. मग मी पेटीतून इंजेक्शन काढलं, कारण त्या दिवसाचं अजून राहिलं होतं, आणि मुलगी आपणहून पोटाची चिमूट धरून बसली.